क्षार धरलेला गरम नळ

शनिवार, २२ मार्च २०२५. सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे.

मी न्हाणीघरात होतो. पत्नी प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ करून बसली होती आणि मी तिच्या खांद्यावर तांब्याने पाणी ओतत होतो. ती म्हणाली, "आजचं शेवटचं. उद्यापासनं लेक बघंल."

मी तांब्या पुन्हा भरला आणि ओतला.

डिसेंबरात तिला पक्षाघाताचा झटका आला. सौम्य, असे डॉक्टर म्हणाले. पाय सावरला, बोलणे सावरले. उजव्या हाताची पकड मात्र परतली नाही. त्या हाताने ती वस्तू ढकलू शकते, दाबू शकते. मुठीत धरून फिरवू शकत नाही. मुलगा फौजेत आहे, कुटुंब त्याच्याबरोबर आसामात. घरात आम्ही दोघेच. तिची आंघोळ माझ्याकडे आली. तीन महिने मी ती जबाबदारी पार पाडली. काम म्हणून ते अवघड नव्हते. तिच्यासाठी ते काय होते, हे मला उशिरा कळले. तिने डोक्यावरून न्हाणे सोडून दिले होते. केस धुवायचे म्हणजे मला अर्धा तास तिथे उभे राहावे लागणार. ते तिला नको होते. फेब्रुवारीच्या शेवटी मुलगी आली, आईच्या डोक्याला तेल लावायला बसली आणि केसांत हात घालताच तिच्या ध्यानात आले.

मुलगी कराडला असते. तिच्या घरी नदीचे पाणी येते. त्या पाण्याने साबणाला फेस येतो आणि नळ पाच वर्षांनीही नवे दिसतात. बोटाने ढकलला तरी उघडतो असा नळ तिच्या न्हाणीघरात आहे. आईला तिथेच कायमची न्यायची, असे तिने ठरवले. आई तिथे स्वतःची आंघोळ स्वतः करील, हे तिचे म्हणणे होते आणि त्यात खोट काढता येत नव्हती. शनिवारी चार वाजता ती गाडी घेऊन येणार होती. पत्नीला जायचे नव्हते. तिने तसे म्हटले नाही. बॅग मात्र तिने शुक्रवारी रात्रीपर्यंत भरायला घेतली नव्हती.

आमचे गाव तासगावच्या पूर्वेला, बोअरच्या पाण्यावर. हे पाणी क्षाराचे आहे. पातेल्यात उकळले की तळाशी पांढरा थर धरतो. तापवलेले पाणी क्षार अधिक सोडते, म्हणून छतावरच्या सोलरमधून येणारा गरम नळ थंड नळाच्या आधी बिघडतो. शॉवरचेही तसेच. आंघोळ संपली की प्रत्येक छिद्रात एक थेंब उरतो. तो थेंब वाळतो, क्षार मागे राहतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थेंब. महिन्याभरात छिद्र निम्मे होते आणि धार सरळ न येता तिरपी फुटते.

मुलीने जानेवारीत कराडहून एक हातशॉवर आणून लावून दिला होता. चकचकीत, पितळेवर क्रोमचा मुलामा, तोंडाला सुईएवढ्या छिद्रांची धातूची चकती. सहा आठवड्यांत त्याची निम्मी छिद्रे बुजली. उरलेल्यांतून पाणी भिंतीवर आणि पत्नीच्या डोळ्यांत जाऊ लागले. त्यावर मी जो उपाय केला, तो या भागातला कोणीही द्राक्षबागायतदार करील. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचला की आम्ही त्यांतून ॲसिड सोडतो. क्षार फसफसतो, विरघळतो, नळी मोकळी होते. तीस वर्षे मी हे करीत आलो. त्याच कॅनमधले ॲसिड, त्याच मापाने पाण्यात मिसळले आणि शॉवर त्यात बुडवून बागेत गेलो. ठिबकची नळी काळ्या प्लास्टिकची असते. तिला ॲसिडाचे काही वाटत नाही. शॉवर प्लास्टिकचा नव्हता. दोन तासांनी आलो तेव्हा क्षार गेला होता आणि क्रोमही गेले होते. उरली होती पिवळी, काळ्या डागांची, खड्डे पडलेली चकती. न्हाणीघरात वासाने उभे राहवेना. मी माझ्या नोकरीची तेवीस वर्षे लष्कराच्या पाणीपुरवठ्यात काढली आहेत. ही चूक मी करायला नको होती.

त्या शनिवारी सकाळी आंघोळ झाल्यावर पत्नीला खोलीत बसवले आणि परत न्हाणीघरात आलो. भिंतीतल्या नळांकडे प्रथमच त्रयस्थ माणसाने पाहावे तसे पाहिले. थंड आणि गरम, दोन गोल मुठी. गुळगुळीत, ओल्या हातातून सटकणाऱ्या. पूर्ण बंद करायला चार फेरे. निरोगी मुठीलाही जोर लागत होता. आजारी माणसासाठी याहून वाईट आकार शोधून सापडला नसता. शॉवर नवा आणला तरी नळ मीच उघडणार आणि मीच बंद करणार असेन, तर ती एकटी कधीच न्हाणार नाही. काम शॉवरचे होते त्याहून अधिक नळाचे होते.

छतावर जाऊन टाकीचा आणि सोलरचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. थंड नळाची मूठ काढली, पाना लावला. आतला स्पिंडल सहज सुटून आला. स्पिंडल म्हणजे मुठीखालचा तो दांडा, जो फिरला की पाणी उघडते. गरम नळाचा सुटेना. सांध्याभोवती वर्षांच्या पाझराने क्षाराचे पांढरे कडे धरले होते, दगडासारखे. जोर केला असता तर भिंतीतला पाइप पिळला असता. पाना खाली ठेवला. थंड स्पिंडल आणि मूठ रुमालात बांधली, पत्नीला चहा दिला आणि आठच्या एसटीने तासगावला गेलो.

नळांच्या दुकानात गल्ल्यामागे एक पन्नाशीची बाई होती. दुकान तिचेच. मी रुमाल सोडला. तिने स्पिंडल हातात घेऊन अंगठ्याने टोकाचे दाते मोजले आणि विचारले, कुणासाठी. मी सांगितले. हाताचेही सांगितले.

ती म्हणाली, "आवं, नळ दिसायला बरा म्हणून समदी घेत्यात. उघडाय बरा म्हणून इचारणारं तुमीच पयले."

मी म्हणालो, दिसण्याशी मला कर्तव्य नाही.

"ते रुमालावरनं कळलंच," ती म्हणाली.

तिने मागून एक खोके काढले. दवाखान्यात डॉक्टर कोपराने नळ उघडतात, तसे वीतभर लांब दांड्याचे दोन नळ. आत रबरी वायसरऐवजी चिनीमातीच्या दोन घट्ट चकत्या एकमेकींवर सरकतात. पाव फेऱ्यात नळ पूर्ण उघडतो. माझ्या नळाच्या जुन्या बुडात त्याचा स्पिंडल बसतो, हे तिने दोन्ही स्पिंडलचे आटे शेजारी धरून दाखवले. तिने एक ताकीदही दिली. या चकत्यांना कचऱ्याचे वावडे असते. क्षाराचा एक कण मध्ये अडकला की ओरखडा पडतो आणि नळ गळू लागतो. बसवण्याआधी पाइप धुऊन काढायचा.

शॉवरवर आमचे जमेना. मला धातूच्या चकतीचा, जाड, भक्कम हवा होता. तिने पुढे केला तो प्लास्टिकचा, आणि त्याच्या तोंडावर छिद्रांऐवजी मऊ रबरी टोके होती, शेळीच्या आचळांसारखी. रबर सडते, मी म्हणालो. लष्करात मी रबराचा भरवसा कधी धरला नाही.

तिने वाद घातला नाही. आत गेली आणि एक जुना शॉवर घेऊन आली. तिच्या घरचा, तिचे घरही बोअरच्या पाण्यावर. टोकांवर पांढरी पूड धरलेली स्पष्ट दिसत होती. तिने तो माझ्या हातात दिला.

"अंगठा फिरवा."

मी फिरवला. टोके वाकली. वाकताच वरचा क्षार तडकला आणि खपली निघावी तसा गल्ल्यावर पडला. छिद्रे उघडी झाली. मी दुसरी रांग घासली. तीही.

क्षार धरायचा थांबत नाही, ती म्हणाली. रबरावर तो घट्ट बसत नाही, एवढेच. कडक वस्तूवर तो मुळे धरतो, वाकणाऱ्या वस्तूवर धरता येत नाही. मी विचारले, आतून साचला तर. तिने शॉवरचे तोंड हाताने पिळून वेगळे करून दाखवले. पाना नको, स्क्रू नको. रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवायचे.

"आन् रबर सडलं तर नुस्तं तोंड बदला. आपलं बदलत न्हाई, त्याचं बदलतंय."

मी शॉवर घेतला. दोन्ही नळ, रबरी नळी, वायसर, खाली लावायचा एक आकडा आणि किराणा दुकानातून लिंबूसत्त्व. साडेअकराला घरी पोहोचलो.

गरम स्पिंडल तसाच होता. पातेल्यात पाणी कोमट केले, त्यात लिंबूसत्त्व विरघळवले, जुन्या धोतराची चिंधी भिजवून सांध्याभोवती तीन वेढे गुंडाळली. लिंबूसत्त्व तेच काम करते जे ठिबकचे ॲसिड करते, फक्त सावकाश आणि मुलामा न खाता. सावकाश हीच अडचण होती. बारा वाजत होते. मुलगी चारला येणार होती.

मधल्या वेळात शेजाऱ्याकडून ड्रिल आणले. त्याच्या बेदाण्याच्या शेडवर माणसे लागली होती, तरी तो ड्रिलबरोबर स्वतःही आला. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर मी शॉवरचा आकडा बसवला. तिथे शॉवर टांगला की डावा हात मोकळा राहतो. तांब्याने न्हाताना तो राहत नाही. एका हाताने ओतायचे की चोळायचे, असा पेच पडतो. शेजारी चिंधीकडे पाहत होता.

"काय सुभेदार, नळाला ताप आलाय काय? पट्ट्या ठेवल्यासा."

मी कारण सांगितले.

"आरं गड्या, दोन थेंब ठिबकचं सोड की. पाच मिंटात सुटंल. आणू का क्यान?"

मी नको म्हणालो.

"गेल्या म्हैन्यात तर लय हौसेनं ओतलंतंस."

खोलीतून पत्नीचे हसणे ऐकू आले. गावात सगळ्यांना ठाऊक होते, हे मला तेव्हा समजले. मी ड्रिल त्याच्या हातात दिले. तो गेला नाही. उंबऱ्यावर बसून राहिला. त्याला निकाल पाहायचा होता.

एक वाजता पाना लावला. हलला नाही. चिंधी काढून पाहिली तर पांढरे कडे पिठाळ झाले होते, पण गेले नव्हते. लाकडी काडीने खरवडले तेवढे आले. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा चिंधी. पावणेदोनला पुन्हा पाना लावला. माझ्या मनगटात कळ आली आणि पाना निसटून फरशीवर आदळला. आवाजाने पत्नी भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आली. तिने नळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ द्या आता. मी बॅग भरती."

"थांब," मी म्हणालो.

मी तिला इतकेच म्हणालो. ती गेली नाही. शेजाऱ्याने तिच्यासाठी उंबऱ्यावरची जागा सोडली.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी उलटा विचार केला. सोडवण्याच्या दिशेला जोर लावून जे हलत नाही, ते कधी आवळण्याच्या दिशेला केसभर हलते; आणि तेवढ्याने आतला क्षार मोडतो. पाना लावला, कापडाच्या घडीवर दुसऱ्या पान्याने नळाचे बूड धरून ठेवले म्हणजे पाइपला पीळ बसू नये, आणि किंचित आवळले. करकर असा एक बारीक आवाज आला. मग सोडवले. स्पिंडल एक आटा फिरला, मग दुसरा, मग बोटांनी निघाला. त्याच्या टोकाशी चुनखडीची गोळी होती, बोराएवढी. शेजाऱ्याने ती उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, ही मूतखड्याच्या डॉक्टरला दाखवली पाहिजे.

पुढची कामे भरभर झाली. आतली बैठक, म्हणजे स्पिंडल टेकतो ती जागा, काडीने आणि फडक्याने साफ केली. लोखंड लावले नाही. शेजाऱ्याला छतावर पाठवले. त्याने दोन्ही व्हॉल्व्ह उघडले आणि उघड्या तोंडांतून पाणी बादलीत सुटू दिले. पहिली बादली खडूच्या भुकटीने गढूळ आली, दुसरी कमी, तिसरी स्वच्छ. पुन्हा व्हॉल्व्ह बंद. नवे स्पिंडल बसवले, दांडे लावले, नळी जोडली, शॉवर टांगला. सोलरचे पाणी मार्चमध्ये अंग भाजते. म्हणून वर जाऊन गरम पाण्याचा व्हॉल्व्ह निम्माच उघडला. थंड आधी सोडलेले असले, की गरमचा दांडा चुकून पूर्ण ढकलला तरी पाणी सोसेल इतकेच तापलेले येईल. हात धरून पाहिले. कुठेही गळती नव्हती.

तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. मी पत्नीला बोलावले आणि दाखवले. आधी थंड, मग गरम. बंद करताना आधी गरम. तिने उजव्या हाताची पालथी बाजू दांड्याला लावली आणि ढकलली. दांडा फिरला. शॉवरमधून धारा सरळ खाली पडल्या. तिने बंद केले. पुन्हा उघडले. पुन्हा बंद केले. लहान मुलासारखे नव्हे. हत्यार तपासणाऱ्या माणसासारखे.

"आता जावा," ती म्हणाली.

दाराची कडी लावू नकोस, मी सांगितले. ती हो म्हणाली. मी ओसरीवर पोहोचण्याआधी कडी वाजली.

शेजारी म्हणाला की त्याला शेडवर जायला हवे, आणि बाजेवर बसला. आम्ही दोघे पाण्याचा आवाज ऐकत राहिलो. सुरू झाला. थांबला. मी उठलो. पुन्हा सुरू झाला. मी बसलो. असे तीनदा झाले. शेजाऱ्याने मला तंबाखू पुढे केली. मी खात नाही हे त्याला चाळीस वर्षे ठाऊक आहे.

साडेतीनला फाटकाशी गाडी थांबली. मुलगी अर्धा तास लवकर आली होती. आत येताच तिने विचारले, "आई कुठं हाय?"

"आंघोळीला."

"संगं कोण हाय?"

"कुणी नाही."

तिने हातातली पर्स टाकली आणि न्हाणीघराकडे धावली. मी अडवले नाही. तिने दार ढकलले, कडी होती. दारावर थाप मारून तिने आईला हाक दिली. आतून पाण्याचा आवाज थांबला.

"थांब की गं," पत्नी म्हणाली. "डोक्यावरनं घेतलंय. अजून फेस हाय."

मुलगी दाराशी उभी राहिली. हात दारावरच राहिला. पाणी पुन्हा सुरू झाले. शेजारी उठला, टोपी सारखी केली आणि शेडवर गेला.

चाळीस मिनिटांनी कडी निघाली. पत्नी पदर खोचून, केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली. पंचा एका हाताने गुंडाळलेला होता. एका बाजूला कलला होता, तरी सुटत नव्हता. भिंतीचा आधार घेत ती आमच्या मधून चालत गेली आणि उन्हात जाऊन बसली. मुलगी तिच्यामागे गेली नाही. ती न्हाणीघरात शिरली.

तिने दांडे ढकलून पाहिले, शॉवर खाली-वर करून पाहिला. मग म्हणाली, "आबा, हे आज चांगलं हाय. म्हैन्याभरानं? पानी तेच, खार तोच. पुन्हा ॲसिड ओतणार?"

प्रश्न रास्त होता. मी तिचा अंगठा धरला आणि रबरी टोकांवर फिरवला. अजून क्षार धरला नव्हता. टोके नुसती वाकली. मी तिला सांगितले की क्षार येणार, आणि तो इथून बोटाने निघणार. शॉवरचे तोंड पिळून काढून दाखवले, पुन्हा बसवले. महिन्यातून एका रात्री ते लिंबूसत्त्वात जाईल. नळ रोज पुसला जाईल. ठिबकचे ॲसिड बागेतच राहील.

"रोज कोण पुसणार? तुमी?"

"मी," बाहेरून पत्नी म्हणाली. "डाव्या हातानं. माझी न्हाणी हाय ती."

मुलीने शॉवर आकड्याला टांगला. मग आईजवळ जाऊन बसली, पंचा सोडला आणि केस पुसू लागली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय, ते मी ऐकले नाही. सहाच्या सुमारास मुलगी आत आली, रिकामी बॅग पलंगावरून उचलली आणि परत कपाटावर ठेवली. मला म्हणाली, "तुमचा नळ लय भारी हाय. माझ्याकडं पन असाच बसवून द्या."

मी म्हणालो, तुझ्याकडे बोटाने उघडणारा नळ आहे, याची गरज नाही.

"तरी बसवा."

मी माप घेऊन ठेव म्हणालो. आठ वाजता ती कराडला एकटी गेली.

जेवण झाल्यावर पत्नी लवकर झोपली. पुसण्याचे तिचे काम उद्यापासून होते, आजचे माझे. न्हाणीघरात जाऊन शॉवर झटकला, नळीतले उरलेले पाणी निथळू दिले आणि तोंड खाली करून टांगला. मग कोरडे फडके घेऊन दोन्ही दांडे आणि त्यांची बुडे पुसली, आणि फडके वाळत घातले.